भाडेवाढीला उत्तर कसे लिहावे : होतकरू भाडेकरूंसाठी

भाडेवाढ दोन प्रकारे कळते. एक, घरमालक काका दारात उभे राहून 'महागाई फार झाली बुवा' असे हवेकडे पाहत म्हणतात. दोन, काकू वाटीभर लोणचे घेऊन येतात. दुसऱ्या प्रकारातली वाढ हमखास मोठी असते. भातसानगर-शहापूर भागात हल्ली लोणच्याबरोबर एक कारणही येते : 'समृद्धी झाला ना आता.' इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाला, तो शहापूर तालुक्यातून जातो, हे खरेच आहे. तो आपल्या दोन खोल्यांमधून जात नाही, एवढेच पत्रात सिद्ध करायचे आहे.

पुढची सारी कृती एका नमुना भाडेकरूवर करून दाखवली आहे. हे गृहस्थ भातसानगरात वरच्या मजल्यावर, पत्र्याच्या छपराखालच्या, एक दिवसाआड पाणी येणाऱ्या दोन खोल्यांत राहतात, रोज आसनगावहून लोकल धरून कल्याणला कामाला जातात. तीन वर्षे भाडे 3,500 रुपये, अनामत 10,000. काकांनी पुढच्या महिन्यापासून 5,000 मागितले आहेत, म्हणजे जवळपास 43 टक्के वाढ. भाड्याचे सगळे आकडे नमुन्याचे आहेत. वाचकांनी आपापल्या गल्लीतले घालावेत.

पायरी पहिली : पहिला मसुदा लिहून फाडावा. त्यात 'आपल्यासारख्या सुसंस्कृत माणसाकडून ही अपेक्षा नव्हती' हे वाक्य येतेच. ते लिहिल्याने छाती हलकी होते, म्हणून जरूर लिहावे. पाठवू मात्र नये. हे पत्र काका वाचतील, पण निर्णय काकू घेतील, आणि गळणाऱ्या पत्र्याखाली पातेले ठेवायला पहिल्या पावसात काकूच धावून आल्या होत्या.

पायरी दुसरी : आपण कोण आहोत ते आधी शोधावे. हा प्रश्न अध्यात्माचा नाही. अकरा महिन्यांचा 'लिव्ह अँड लायसन्स' करार असेल तर भाडे करारात लिहिले तेवढेच. मुदत चालू असताना करारात नसलेली वाढ मागता येत नाही. मुदत संपली की नवी बोलणी, आणि तिथे काकांनी किती मागावे याला कायद्याची वेसण नाही. बहुतेक करारांत दर नूतनीकरणाला पाच किंवा दहा टक्के वाढीचे कलम असते. ते असेल तर पत्र तीन ओळींत संपते : कलम दाखवावे, हिशेब करावा, नमस्कार लिहावा.

भाडेकरू म्हणून राहत असाल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 आठवतो. त्याच्या 11व्या कलमात वर्षाला 4 टक्के वाढीची मुभा घरमालकाला आहे. या 4 टक्क्यांमागे काकांच्या जातभाईंचे जुने दुःख आहे. 1947 चा मुंबईचा भाडे कायदा 1 सप्टेंबर 1940 चे भाडे प्रमाण धरून बसला होता. भाडी तिथेच थिजली आणि जग पुढे गेले. 1997 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ही गोठलेली व्यवस्था अवाजवी ठरवली, आणि नवा कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला. तेव्हा काकांनी 'घरमालकाचा कोणी विचारच करत नाही' असा सुस्कारा टाकला तर हसू नये. त्यात साठ वर्षांचा इतिहास आहे.

पण इथेच उत्साही भाडेकरू घसरतात. हा कायदा अनुसूचीत नोंदलेल्या भागांपुरता आहे, साऱ्या गावांना सरसकट नाही. आपले गाव त्यात आहे का, हे शहापुरातल्या वकिलाकडून खात्री केल्याशिवाय पत्रात 'कलम 11' असा बार उडवू नये. कायदा लागू नसेल तर महिन्याच्या बोलीवरची भाडेदारी मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या 106व्या कलमानुसार पंधरा दिवसांच्या नोटिशीने संपवता येते. म्हणजे आपण कलम दाखवायला जावे आणि काकांनी दार दाखवावे, असा प्रसंग.

कायदा लागू असेल तर मात्र आणखी एक गंमत आहे. तीन वर्षांपूर्वी काका म्हणाले होते, 'कागदबिगद कशाला, आपण घरचीच माणसं.' याच अधिनियमाच्या 55व्या कलमानुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणे ही घरमालकाची जबाबदारी आहे. तो नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल तेच ग्राह्य धरले जाते. उलट सिद्ध करायचे काम मालकाचे. घरच्या माणसाला हे पहिल्याच पत्रात सांगू नये. दुसऱ्या पत्रासाठी राखून ठेवावे.

पायरी तिसरी : शेजारची भाडी गोळा करावीत. तुलनेसाठी चार घरे पुरतात. किराणा दुकानदार, पिठाची गिरणी आणि रिक्षाथांबा या तीन ठिकाणी तालुक्याचे सगळे भाडेपत्रक तोंडी उपलब्ध असते. मात्र ऐकलेले भाडे आणि दिलेले भाडे यांत फरक असतो. मालक वाढवून सांगतात, भाडेकरू घटवून. शक्यतो जो रोख मोजतो त्यालाच विचारावे, आणि प्रत्येक घराबद्दल हे पाच प्रश्न विचारावेत : खोल्या किती, छप्पर पत्र्याचे की स्लॅबचे, संडास आत की बाहेर, पाणी कसे येते आणि अनामत किती.

पाण्याचा प्रश्न विसरू नये. मुंबईची तहान भागवणारे भातसा धरण याच तालुक्यात आहे, तानसाही इथलेच. तरी उन्हाळा आला की तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. धरणाच्या पायथ्याशी राहूनही पाणी एक दिवसाआड येत असेल, तर ते घर आणि रोज नळाला पाणी येणारे घर एकाच तराजूत तोलता येत नाही.

नमुना भाडेकरूने चार घरे शोधली. पहिले, याच ओळीतल्या दोन खोल्या : स्लॅब, रोज पाणी, भाडे 3,800, अनामत 15,000. दुसरे, पलीकडच्या पाड्यावरच्या दोन खोल्या : बाहेरचा सामाईक संडास, भाडे 3,200, अनामत 5,000. तिसरी, शहापूर गावातली स्लॅबची एक खोली आणि स्वयंपाकघर : भाडे 5,000, अनामत 20,000. चौथे, आसनगाव स्टेशनाजवळचे तसेच घर : भाडे 5,500, अनामत 25,000.

चौथे घर वगळण्याचा मोह होईल. वगळू नये. काका पहिल्यांदा तेच नाव घेणार आहेत. ते आपल्या यादीत आधीच असले की त्यांचा पत्ता खेळण्यापूर्वीच संपतो. शिवाय स्वस्त घरेच निवडलेली यादी पाहून काकूंना लगेच कळते.

पायरी चौथी : अनामत भाड्यात मिसळावी. मालकाकडे पडून असलेल्या पैशांवर आपल्याला व्याज मिळत नाही, म्हणजे तेही भाडेच. बँकेचे वर्षाला 6 टक्के धरले तर 10,000 अनामतीचे महिन्याला 50 रुपये होतात. या हिशेबाने याच ओळीतले घर 3,875 रुपयांना पडते, पाड्यावरचे 3,225 ला, शहापूरचे 5,100 ला आणि आसनगावचे 5,625 ला. काकांनी मागितलेले भाडे 5,050 होते. म्हणजे पत्र्याखालच्या, एक दिवसाआड पाण्याच्या घराला शहापूरच्या स्लॅबखालच्या घराइतके भाडे.

पायरी पाचवी : प्रवास मोजावा. ही सगळ्यात उपयोगी पायरी आहे आणि बहुतेक लोक ती सोडतात. भातसानगरहून आसनगाव स्टेशन गाठायला नमुना भाडेकरूला जाऊन-येऊन 80 रुपये लागतात. महिन्याचे पंचवीस दिवस, 2,000 रुपये. काकांचे 5,050 आणि हे 2,000 मिळून 7,050 होतात. स्टेशनाजवळ चालत जाण्याच्या अंतरावर राहिले तर सगळे मिळून 5,625. आसनगावचा दाखला अखेर आपल्याच बाजूने साक्ष देतो. अर्थात हे रोज लोकल धरणाऱ्यापुरतेच खरे. नोकरी भातसानगरातच असेल तर हा परिच्छेद लिहू नये, कारण मग काकाच तो उलटा मांडतील : 'तुमचे 2,000 तर आमच्या घरामुळेच वाचतात ना!'

पायरी सहावी : आकडा सुचवावा. नुसत्या नकाराने काकांना माघार घ्यावी लागते, आणि माघार घेतलेला मालक गळका पत्रा कधीच दुरुस्त करत नाही. दर वर्षी 4 टक्क्यांनी तीन वर्षांची वाढ मोजली तर 3,500 चे साधारण 3,937 होतात. ओळीतले स्लॅबचे घर 3,875 ला पडते. तेव्हा 4,000 हा आकडा मानाने देता येतो. 14 टक्क्यांहून थोडी जास्त वाढ आपणहून मान्य केली, असे म्हणायला काकांना जागा राहते.

आता पत्र. एका पानापेक्षा मोठे नको.

*आदरणीय काका, सा. न. वि. वि.*

*पुढील महिन्यापासून भाडे 3,500 वरून 5,000 करण्याचे आपण सांगितलेत. तीन वर्षांत आपण भाडे वाढवले नाही, याची जाणीव आहे आणि वाढ व्हावी हे मलाही मान्य आहे. जवळच्या चार घरांची भाडी, अनामत आणि सोयी सोबत लिहिल्या आहेत. आपल्या ओळीतले रोज पाणी असलेले स्लॅबचे घर 3,800 ला आहे. आसनगावचे घर 5,500 ला आहे, पण तिथून मला स्टेशनचा प्रवासखर्च येणार नाही.*

*माझी विनंती अशी, की भाडे 4,000 करावे, अकरा महिन्यांचा लेखी करार नोंदवावा आणि पावसाळ्यापूर्वी पत्रा बदलून द्यावा. नोंदणीचा खर्च निम्मा मी देईन. आपले उत्तर येईपर्यंत सध्याचे भाडे नेहमीच्या तारखेला खात्यात जमा करीत राहीन.*

*काकूंना नमस्कार.*

शेवटून दुसरी ओळ सर्वांत जड आहे. भाड्याचा वाद चालू असताना भाडेच थांबवणारा भाडेकरू आपली बाजू स्वतःच्या हाताने संपवतो. जिथे 1999 चा अधिनियम लागू आहे, तिथे प्रमाण भाडे आणि रास्त वाढ द्यायला तयार असलेल्या भाडेकरूला थकबाकीच्या कारणावरून काढता येत नाही. पण ती तयारी दिसली पाहिजे, आणि ती बँकेच्या नोंदीत सर्वांत चांगली दिसते.

पत्र हाताने द्यावे आणि आपल्या प्रतीवर पोच म्हणून सही घ्यावी. काका सही टाळत असतील तर स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवावे. काकांनी 4,300 म्हटले तर पत्र्याची तारीख करारात लिहून घ्यावी आणि मान्य करावे. 5,000 वर अडून राहिले तर आसनगावचे घर अजून रिकामे आहे का ते विचारावे. हिशेब आपण आधीच केलेला आहे.