सूत्रसंचालक

नववीच्या प्रत्येक वर्गात हा असतोच. मी ‘अपारंपरिक ऊर्जा, पाच जण, आठ मिनिटं’ एवढं फळ्यावर लिहून होईपर्यंत यानं ‘धन्यवाद’ची स्लाइड बनवलेली असते. तिच्यात सूर्य उगवतो. आत काय सांगायचं ते अजून ठरायचं असतं, पण सूर्य मात्र डावीकडून उगवावा की खालून, यावर दोन बैठका झालेल्या असतात.

यंदाच्या साहेबांनी कामं वाटली ती अशी: एकाला सूर्य, एकीला वारा, एकाला धरण, एकाला बायोगॅस. स्वतःकडे सूत्रसंचालन. म्हणजे दर दीड मिनिटानं पुढे येऊन “यानंतर माझी मैत्रीण आपल्याला वाऱ्याविषयी मोलाची माहिती देईल” असं म्हणायचं आणि शेवटी सूर्य उगवायचा.

तालीम पाहिली. चौघांनीही “यामुळे प्रदूषण होत नाही” हेच वाक्य म्हटलं. मी वैतागून म्हटलं, “फायदे पुरे. तुमचा स्रोत कुठे कमी पडतो ते सांगा.”

दुसऱ्या दिवशी गडी नवा आराखडा घेऊन हजर. सूर्यवाला सांगणार: छतावरच्या एक किलोवॉटच्या पॅनेलातून दिवसाला साधारण 4 युनिट वीज मिळते, पण दिवे लावायच्या वेळी शून्य. तिथेच वारेवाली उभी राहणार: पवनचक्की रात्रीही फिरते, मात्र वारा निम्मा झाला की वीज निम्मी होत नाही, आठव्या हिश्शावर येते. म्हणून तर साताऱ्याकडच्या पठारांवर पावसाळी वाऱ्यात जोर असतो आणि एरवी पाती नुसती दिसायला. मग धरणवाला: कोयनेचं पाणी अडवून ठेवता येतं आणि संध्याकाळी मागणी वाढली की सोडता येतं, 1960 मेगावॉटची सोय आहे, पण पाऊस बरा झाला तर. एकाची उणीव संपते तिथे दुसऱ्याचं बोलणं सुरू. ‘मोलाची माहिती’ची गरजच उरली नाही. त्याचं स्वतःचं कामच त्यानं कापून टाकलं होतं. (सूर्य ठेवला होता. आता खालून.)

बायोगॅसवाला मात्र ऐन वेळी फिरला. शेणावर बोललं की वर्षभर नाव पडतं, हे नववीत सगळ्यांना ठाऊक. कुणाला न सांगता सूत्रसंचालकानं तो भाग स्वतःकडे घेतला. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नासेक किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं, आणि तेवढंच पाणी. थंडीत जिवाणू मंदावले की गॅसही कमी होतो, हे त्यानं नीट सांगितलं. मागच्या बाकावरून हंबरण्याचा आवाज आला. वर्ग फुटला. तो कान लाल करून थांबला, हसणं ओसरू दिलं आणि म्हणाला, “उरलेली मळी शेतात खत म्हणून जाते.”

एवढ्यात घंटा झाली. सूर्य उगवायचा राहिला. मी म्हटलं, “दाखव रे, अर्धं मिनिट आहे.”


“नको सर,” तो म्हणाला, “पुढच्या गटाची वेळ झाली.”