गृहीतकं झाकलेलीच बरी

अर्थशास्त्रीय लेखातला गृहीतकांचा परिच्छेद कसा असावा, याचा एक उत्तम नमुना आमच्या लेखात होता. तो असा: ‘सोपेपणासाठी आम्ही नेहमीची गृहीतके स्वीकारली आहेत. अर्थव्यवस्थेत दोन क्षेत्रे आहेत, श्रम हा एकमेव उत्पादन घटक आहे, मजुरी सर्वत्र समान आहे, बाजारात पूर्ण स्पर्धा आहे आणि कलावंत विवेकाने वागतात.’ दोन वाक्यांत पाच गृहीतकं आटोपली. ‘नेहमीची’ हा शब्द तर विशेष गुणकारी. तो एकदा लिहिला की ‘का बुवा?’ असं विचारणारा माणूस आपोआप अडाणी ठरतो.

लेख पिंगुळीवर होता. कुडाळला लागून असलेल्या या गावात ठाकर समाजातल्या कलावंतांनी चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या पिढ्यानपिढ्या सांभाळल्या. सावंतवाडी संस्थानाचा त्यांना आश्रय होता. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाल्यावर गावाचं नाव दूरवर गेलं. मग आम्हीही तिथे जाऊन समीकरणं मांडली.

मॉडेल उसनं होतं, पण नावाजलेलं. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ साली प्रयोगकलांच्या अर्थकारणावर पुस्तक लिहिलं, त्यातला युक्तिवाद आम्ही कोकणात आणला. समजा, काजूच्या कारखान्यात कामगार दिवसाला २० किलो माल काढतो आणि त्याला ५०० रुपये मिळतात, म्हणजे किलोमागे मजुरी २५ रुपये. पुढे यंत्र सुधारलं, माल ४० किलो झाला, मजुरी १,००० झाली, तरी किलोमागचा खर्च २५च. आता बाहुल्यांचा खेळ घ्या. खेळाला तीन माणसं लागत होती, आजही तीनच लागतात. रामायणातला प्रसंग दुप्पट वेगाने सांगून चालत नाही. बाहेरची मजुरी १,००० झाली की खेळाचा खर्च १,५०० वरून ३,००० होतो. आमचा निष्कर्षही तयार होता: प्रयोग महाग होत जाणार, मागणी आटणार, म्हणून अनुदान द्यावं.

इतकं सगळं सुरळीत चाललेलं असताना आमच्या एका विद्यार्थिनीला तो परिच्छेद नव्याने लिहायची हुक्की आली. मुलगी कुडाळचीच. प्रत्येक गृहीतक स्पष्ट सांगायचं, ते का धरलं हे सांगायचं आणि त्यामुळे निष्कर्षात काय घडतं तेही सांगायचं, असा तिचा हट्ट. पद्धत अगदीच गावठी. एकेका गृहीतकावर बोट ठेवून ती खाली सिद्धतेकडे जायची आणि विचारायची, “सर, ह्यां खंय वापरलां?”

पूर्ण स्पर्धा कुठेच वापरली नव्हती. कलावंतांचा विवेकही नव्हता. दोन्ही खोडून पाहिले, तर सिद्धतेतली एकही ओळ हलली नाही, म्हणून तिने ते कायमचे खोडले. हा विध्वंस आहे. न वापरलेलं गृहीतक लेखाला भारदस्तपणा देतं, परीक्षकाला ओळखीचं वाटतं आणि कुणाच्या अध्यातमध्यात येत नाही. असा निरुपद्रवी सभासद कुठल्याही समितीत हौसेने ठेवून घेतात.

एकमेव घटक श्रम, याचं तिने सरळ लिहून टाकलं: ‘हे खरं नाही. बाहुल्या, कागद, रंग, प्रवास यांनाही पैसे लागतात. पण खेळाच्या खर्चात मजुरीचा वाटा मोठा असल्याने बाकीचे खर्च सोडले आहेत. तो वाटा लहान असता, तर खर्चवाढ इतकी ठळक दिसली नसती.’ आपण खोटं धरतो आहोत, हे लेखकाने स्वतःहून सांगायचं! हे वळण तिला बॉमोलनेच लावलेलं दिसतं. १९६७च्या त्यांच्या लेखात अत्यावश्यक गृहीतक कोणतं आणि केवळ मांडणीच्या सोयीसाठी धरलेली कोणती, हे त्यांनी वेगळं काढून दाखवलंय. श्रमाखेरीजचे खर्च सोडून देणं वास्तवाला धरून नाही, अशी कबुलीही दिली आहे. थोर माणसांनी असे पायंडे पाडू नयेत. त्यापेक्षा मिल्टन फ्रीडमन यांचा १९५३चा निबंध बरा. सिद्धान्त जोखायचा तो त्याच्या भाकितावरून, गृहीतकं किती वास्तव आहेत यावरून नव्हे, असं ते सांगतात. आम्ही त्यातला उत्तरार्ध तेवढा घेतो. भाकितं तपासायला हिंडावं लागतं.

पण खरा घोटाळा झाला ‘मजुरी सर्वत्र समान’वर. आमच्या परिच्छेदात ती तीन शब्दांत निपचित पडली होती. पोरीने तिला उठवून कारण विचारलं. कारण असं की चित्रकथी सांगणाऱ्याच्या मुलाला कारखान्यात किंवा गोव्यात जास्त पैसे मिळत असतील, तर तो तिकडे जाईल. त्याला थांबवायचं तर खेळाची बिदागीही तितकी वाढली पाहिजे. खेळाचा खर्च वाढतो तो या एका दुव्यामुळे. दुवा काढला, की आमचं अख्खं मॉडेल बसतं.

इथवर ठीक होतं. मग तिने पिंगुळीत पाहिलं. ही कला घरात शिकली जाते. पोथीतली चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. एक दाखवायचं, मग उलटून पुढचं, आणि तोंडाने कथा, हाताने वाद्य. हे बापाशेजारी बसून अंगवळणी पडतं. त्यामुळे कलेतून बाहेर जायची वाट मोकळी, आत यायची जवळपास बंद. कारखान्यातला पोरगा मजुरी वाढली म्हणून चित्रकथी सांगायला येत नाही. उलट जो राहतो, तो वाडवडिलांचं आहे म्हणून कमी पैशांतही राहतो. मजुरी मग समान होतच नाही. अशा वेळी खेळ महाग होत नाही, कलावंत गरीब होतो. आणि एखाद्या पिढीत मुलगा उठून गेला की बिदागी फारशी न वाढताच खेळ थांबतो. आमच्या मॉडेलला दिसणारं लक्षण, म्हणजे वाढती किंमत, तिथे दिसेलच असं नाही. तिने लिहिलं, ‘समान मजुरी हे गृहीतक बाहेर जाणाऱ्यांना लागू, राहणाऱ्यांना नाही. त्यामुळे खर्चाचा निष्कर्ष ही वरची मर्यादा समजावी.’ झणझणीत निष्कर्षाची तिने मर्यादा करून टाकली.

त्यानंतर आणखी एक भगदाड. किंमत वाढली की मागणी आटते, हे आम्ही कुठे धरलं होतं? कुठेच नाही. पण अनुदानाची शिफारस उभी त्याच्यावरच. लोक किंमत वाढूनही खेळ तितकेच ठेवत असतील, तर कलेवर होणारा एकूण खर्च उलट वाढेल आणि प्रयोग चालू राहतील. बॉमोलच्या मॉडेलमध्येही सगळं या मागणीवर फिरतं. म्हणजे आम्ही जे लिहिलं ते वापरलं नव्हतं आणि जे वापरलं ते लिहिलं नव्हतं. ही समतोल रचना साधायला अनुभव लागतो.

तिचा परिच्छेद आता पानभर झाला आहे. गृहीतकं पाचावर होती ती चारावर आली, त्यातलं एक नवीन, आणि प्रत्येकाच्या मागे ‘कारण’, पुढे ‘त्यामुळे’. वाचणाऱ्याला नेमकं कुठे हरकत घ्यायची ते बोट धरून दाखवलं आहे. आमच्या परिच्छेदावर कुणी हरकत घेतली नव्हती, हे मी तिच्या नजरेस आणून दिलं. आता ती आसपासच्या देवस्थानांत जाऊन विचारणार आहे, की बिदागी वाढल्यावर खेळ कमी ठेवले का. उत्तर काहीही आलं तरी आमचा एक ना एक निष्कर्ष त्याला बांधला जाणार. मी म्हटलं, जत्रेच्या दिवसांत मंडळी कामात असतात, कुणाला बोलायला सवड नसते, तू जत्रा संपल्यावरचं बघ. ती म्हणाली, “जत्रेतच जातंय, सर. खेळ ठरवणारी माणसां तेव्हाच गावतत.”