पिशवीवाले शेठ

भिवंडीत ज्याच्याकडे चार माग आहेत तोही शेठ आणि ज्याच्याकडे चारशे आहेत तोही शेठ. दोघांना वेगळं ओळखायचं असेल तर जुलै महिन्यात त्यांच्या हाताकडे पाहावं. चारशेवाल्याचा हात रिकामा असतो, कारण त्याची माणसं कागद सांभाळतात. चारवाल्याच्या, फार तर चोवीसवाल्याच्या, हातात एक पिशवी असते. पूर्वी ती साडीच्या दुकानाची असे, हल्ली मॉलची असते. आतला माल तोच.

मी धामणकर नाक्याजवळ अशा शेठ लोकांची वहीखाती लिहितो. रिटर्न भरतात ते वकीलसाहेब. इथे कर सल्लागाराला वकीलच म्हणतात, तो कोर्टाची पायरी चढलेला असो वा नसो. पिशवी मात्र आधी माझ्या टेबलावर उलटी होते. त्यातून पहिल्यांदा भाच्याच्या लग्नाच्या हॉलची पावती पडते. मग देवीच्या वर्गणीच्या पावत्या, मोबाइलच्या डब्यावरचं वॉरंटी कार्ड, एका दातांच्या डॉक्टरची चिठ्ठी. शेठ सगळं जपतात, फक्त जपायचं ते सोडून. पेट्रोलची आणि वजनकाट्याची पावती निघते तेव्हा ती कोरी पांढरी असते. तो कागद उष्णतेवर छापतात, उन्हातान्हात चार महिन्यांत अक्षरं उडतात. ‘‘त्या दिवशीच मोबाइलवर फोटो काढा,’’ असं मी सांगतो. शेठ फोटो काढतात, आणि तो ‘शुभ सकाळ’च्या गर्दीत हरवतो.

‘‘काय कागद कागद करता? सगळं इथं आहे,’’ असं म्हणून शेठ कपाळाला बोट लावतात. ते खरंही असतं. कुठल्या पार्टीने कुठल्या क्वालिटीला पिकामागे किती पैसे मजुरी दिली, कुठल्या तागात डाग निघाला म्हणून किती कापले, सगळं तोंडपाठ. अडचण एवढीच की आयकर खातं कपाळ वाचत नाही.

ज्यांचं मी सांगतोय ते शेठ दुसऱ्याच्या सुताचं कापड विणून देतात. सूत पार्टीचं, कापड पार्टीचं, यांची फक्त मजुरी. अशा छोट्या धंद्याला कायद्यात एक सोय आहे. बँकेतून आलेल्या जमेवर किमान 6 टक्के आणि रोखीवर 8 टक्के नफा धरा, खर्चाची बिलं कोणी मागणार नाही. शेठनी ही सोय बरीच वर्षं वापरली. मग एका मंदीच्या वर्षी कोणीतरी सांगितलं म्हणून तोटा दाखवून ते बाहेर पडले. एकदा असं बाहेर पडलं की पुढची 5 वर्षं परत आत जाता येत नाही. तेव्हापासून त्यांना हिशेबाची वही आली, वहीबरोबर मी आलो आणि माझ्याबरोबर कटकट आली, असा त्यांचा क्रम आहे.

गेल्या वर्षीचं सांगतो. शेठच्या वहीत मजुरीची जमा 30 लाख. पार्ट्या पैसे देताना 1 टक्का टीडीएस कापतात, म्हणजे शेठच्या नावावर 30,000 जमा दिसायला हवेत. खात्याच्या संकेतस्थळावर 26एएस उघडलं तर जमा 27 लाख 60 हजार, टीडीएस 27,600. शेठ खूश. ‘‘सरकारला कमी दिसतंय, तर आपण कशाला जास्त सांगायचं?’’

मग आम्ही पार्टीवार बसलो. एका पार्टीचं 1 लाख 80 हजारांचं बिल आपण 29 मार्चला फाडलं होतं, तिने ते आपल्या वहीत एप्रिलमध्ये घेतलं. माल मार्चमध्ये गेला होता, म्हणजे उत्पन्न आपलं मार्चचंच. पुढे खात्याने दोन वर्षांचे आकडे का जुळत नाहीत असं विचारलं तर ते बिल आणि मालासोबतचं डिलिव्हरी चलन हेच उत्तर. शेठच्या पिशवीत बिल होतं. चलन माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरने पान्याला गुंडाळलं होतं. उरलेल्या 60 हजारांचा शोध आणखी मजेदार. त्या पार्टीच्या कारकुनाने पॅनमधलं एक अक्षर चुकवलं होतं आणि शेठचे 600 रुपये भलत्याच माणसाच्या नावावर जमा झाले होते. पार्टीला आपलं टीडीएसचं विवरण दुरुस्त करून द्यावं लागतं, ते दोन दिवसांत होत नाही. दर तीन महिन्यांनी 26एएस आपल्या बिलांशी ताडून पाहिलं असतं तर पॅनची ही चूक दिवाळीतच कळली असती. पण दिवाळीत शेठ मिठाईचं बिल जपत होते.

खर्चाकडे वळलो तर विजेचं बिल. मागाच्या धंद्यात मोठा खर्च तो. भिवंडीत 2007 पासून हे बिल टोरंटचं येतं. पण गाळा भाड्याचा, त्यामुळे बिलावर नाव गाळामालकाच्या दिवंगत वडिलांचं. शेठ मालकाला रोख पैसे देत आणि मालक भरत असे. आता भाडेकरारात ‘वीजबिल भाडेकरू भरेल’ ही ओळ आहे आणि पैसे शेठच्या खात्यातून थेट जातात. बिलावर नाव कोणाचंही असो, पैसे कोणाचे ते दिसतं.

खरी लढाई झाली ती जॉबरच्या पगारावरून. भिवंडीत पगार पंधरवड्याने होतो. जॉबर दर पंधरवड्याला 12,000 घेत असे, रोख. कायदा म्हणतो की एका माणसाला एका दिवसात 10,000 च्या वर रोख दिले तर तो खर्च धरायचा नाही.

‘‘म्हणजे वरचे 2,000 गेले,’’ शेठ म्हणाले.

‘‘नाही, पूर्ण 12,000 गेले.’’

‘‘पण तो माणूस रात्रंदिवस मागाखाली झोपलेला असतो!’’

‘‘त्याबद्दल खात्याला काही म्हणायचं नाही.’’

24 पंधरवडे धरले तर 2 लाख 88 हजार. पैसे खरोखर गेलेले, आणि कर मात्र ते खिशातच आहेत असं धरून. शेठ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा दिले तर?’’ दिवस तोच, म्हणून बेरीजही तीच. जॉबरला आता यूपीआयने पैसे जातात. पहिल्या वेळी त्याने मोबाइल कानाला लावून पाहिला, पैसे आल्याची घोषणा होते का म्हणून. सेकंडहँड मोटर 14,000 ला रोख घेतली त्याचीही हीच गत झाली. तिची किंमत घसाऱ्यात धरता आली नाही.

यंदा एप्रिलमध्ये शेठनी पिशवी सोडली. बारा कप्प्यांची फाइल आणली, महिन्याला एक कप्पा. घरचं आणि धंद्याचं बँक खातं वेगळं केलं. यात माझा वाटा फार नाही. शेठना एकदा नियम पटला की तो पाळण्यात ते कोणाच्याही पुढे जातात, आणि हाच त्यांचा दुसरा त्रास. ज्याला बिल मिळत नाही त्या किरकोळ खर्चाला स्वतःचं व्हाउचर करावं, तारीख, कारण, रक्कम आणि घेणाऱ्याची सही, एवढंच मी म्हणालो होतो. तेव्हापासून गाळ्यात येणाऱ्या प्रत्येकाला सही करावी लागते. हमाल करतो, कांडीवाली मावशी अंगठा देते. चहावाला पोरगा दिवसातून चार वेळा कटिंग आणतो आणि चार वेळा सही करतो. मागच्या आठवड्यात तो वैतागला. ‘‘शेठ, सहीचं राहू द्या, आजपासून चहा फुकट घ्या.’’

शेठनी लगेच मला फोन लावला. ‘‘फुकटचा चहा उत्पन्नात दाखवायचा का हो?’’