हिरवी रेघ आणि ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’

सदोष लॅपटॉपचे पैसे परत मागणाऱ्या पत्रात ग्राहक आधी संताप ओततो, मग आपण किती जुने गिऱ्हाईक आहोत ते सांगतो आणि पडद्यावरची हिरवी उभी रेघ शेवटच्या ओळीत उरकतो. विक्रेत्याला असे पत्र फार आवडते. संतापाला ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ एवढे उत्तर पुरते. त्याला नावडते ते पंचनाम्यासारखे पत्र: खोके कधी उघडले, सिरीयल नंबर, रेघेचा फोटो आणि दोन चाचण्या. विंडोज सुरू होण्याआधी बायोसमध्येही रेघ दिसते, म्हणजे ‘ड्रायव्हर अपडेट करा’ हा सल्ला बाद. बाहेरून जोडलेल्या मॉनिटरवर ती दिसत नाही, म्हणजे दोष बहुधा पॅनेलचा किंवा त्याच्या केबलचा.

‘तुम्हीच आपटला असेल’ यावर मात्र चाचणी नाही. तिथे खोके उघडतानाचा व्हिडिओच कामी येतो. (बारशापेक्षा हल्ली खोक्याचे चित्रीकरण महत्त्वाचे.) इतक्यात कायदा कशाला, असे कोणी म्हणेल. पण ‘सर्व्हिस सेंटरला न्या’ म्हणणाऱ्याला ई-कॉमर्सच्या २०२०च्या नियमांची आठवण करून द्यावीच लागते: सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला ऑनलाइन विक्रेता नकार देऊ शकत नाही. आणि शेवटी ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ असे लिहू नये. योग्य काय ते विक्रेताच ठरवतो. रक्कम लिहावी, आकड्यात आणि अक्षरी.