गटारी हुकलेली बॅच

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला हिशेब येतो, असा एक गोड गैरसमज आमच्या घरात बरीच वर्षं नांदत होता. मावळात वडिलांची थोडी जमीन आहे. तिथे पाचशे पक्ष्यांची शेड बांधून मी ब्रॉयलर पाळायला घेतले, आणि तो गैरसमज एका बॅचमध्ये निकालात निघाला.

सुरुवात चांगली झाली, म्हणजे माझा हात जितका कमी लागला तितकी चांगली. भातगिरणीतून तूस आणून जमिनीवर पसरलं, वर बल्ब टांगले आणि जेमतेम चाळीस-बेचाळीस ग्रॅमची पिवळी पिल्लं सोडली. ती बल्बखाली गर्दी करून बसली की मला वाटायचं, काय गोडीगुलाबीने राहतात! पलीकडच्या शेतातले मामा डोकावले आणि म्हणाले, "साहेब, गारठलीत ती." बल्ब खाली घेतले तर सगळी भिंतीला जाऊन चिकटली. मग वर, मग पुन्हा खाली. शेवटी पिल्लं शेडभर सारखी पसरली, तेव्हा उष्णता बरोबर आहे हे कळलं. थर्मामीटर माझ्या खिशातच होता.

आता जरा एफसीआरबद्दल सांगतो, कारण या धंद्यात माणसं एकमेकांची तब्येत विचारायच्या आधी एफसीआर विचारतात. एक किलो वजन वाढायला किती किलो खाद्य लागलं, तो हा आकडा. कमी तितका चांगला. पण खाद्य पक्ष्याच्या पोटात गेलं तरच मोजतात, अशी माझी समजूत होती. तसं नसतं. पोत्यातून निघालं ते मोजतात. माझी खाद्याची भांडी पहिल्या आठवड्यात लावली होती त्याच उंचीवर होती, आणि वाढलेले पक्षी त्यात मान घालून चोचीने खाद्य उडवत ते तुसात पेरत होते. मामांनी मूठभर तूस उचलून माझ्या तळहातावर ठेवलं, तर त्यात निम्मे दाणे. भांड्याची कड पक्ष्याच्या पाठीच्या पातळीत हवी आणि पक्षी वाढेल तशी ती वर घ्यायची, एवढंच होतं. तोवर माझं तूस चांगलंच पौष्टिक झालं होतं.

वजनाचंही तेच. दर आठवड्याला थोडे पक्षी काट्याला टांगून सरासरी काढायची असते. मी शेडमध्ये शिरायचो, पळणाऱ्यांच्या मागे धावायचो, धाप लागली की जागचे न हलणारे उचलायचो, आणि माझी सरासरी दणदणीत यायची. जागचे न हलणारे बहुधा शेडमधले सगळ्यांत जाडे असतात, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी स्वतः त्याच गटातला. पुढे आमच्या हिनेच युक्ती काढली. पहाटे खाद्य घालायच्या आधी एक कोपरा फळीने अडवायचा आणि आत सापडेल त्या प्रत्येकाला काट्याला लावायचं, लहान-मोठा बघायचा नाही. सरासरी लगेच जमिनीवर आली.

तरी पस्तिसाव्या दिवशी खरं वजन दोन किलो भरलं. पक्ष्यामागे खाद्य लागलं होतं तीन किलो दोनशे ग्रॅम, म्हणजे एफसीआर एक पूर्णांक सहा. नवख्याला याहून काय हवं? व्यापारी दारात उभा राहून जिवंत किलोला पंच्याण्णव रुपये देत होता. पिल्लू, खाद्य, तूस, औषध, वीज सगळं वजा जाता पक्ष्यामागे सतराएक रुपये सुटत होते.

आणि गटारी पाच दिवसांवर होती.

तुम्हीच सांगा, मराठी माणसाने अशा वेळी कोंबडी विकायची की राखायची? मी कागद घेतला. पक्षी दिवसाला एकशे पासष्ट ग्रॅम खातो. चाळीस रुपये किलोने ते झाले सहा रुपये साठ पैसे. वाढतो ऐंशी ग्रॅम. पंच्याण्णवच्या भावाने सात रुपये साठ पैसे. रोज पक्ष्यामागे एक रुपया नफा, वर गटारीचा भाव! हिशेब चोख होता. फक्त या एका रुपयासाठी मी हातातला भाव जुगारावर लावतोय, हे त्या कागदावर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

गटारीच्या आदल्या दिवशी मी रुबाबात व्यापाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "साहेब, गटारीला कोंबडी दुकानात लागते, तुमच्या शेडात नाही. आमच्या गाड्या कधीच भरल्या." मोठ्या फार्मवाल्यांनी आधीच नंबर लावले होते. माझ्या पाचशेंसाठी कोण वाट वाकडी करणार? दुसऱ्या दिवशी गावाने गटारी साजरी केली, तिसऱ्या दिवशी श्रावण लागला आणि भाव दगड पडावा तसा खाली आला.

मी म्हटलं, थांबू, चढेल. पक्षी काही थांबेनात. ते खातच होते, आणि आता खाल्लेल्यातलं पुष्कळसं ते मोठं धूड नुसतं चालू ठेवण्यात खर्ची पडत होतं. उरलेल्यातून मांसाबरोबर चरबीही धरायला लागली होती. वहीतला एफसीआर मात्र सभ्य दिसत होता, एक पूर्णांक आठ. तो पहिल्या दिवसापासूनचा असतो, पिल्लांच्या बाळसं धरण्याच्या दिवसांची पुण्याई त्यात असते. हिने फक्त कालच्या दिवसाचा काढला. खाद्य एकशे नव्वद ग्रॅम, वाढ सत्तर. दोन पूर्णांक सातच्या वर! सात रुपये साठ पैशांचं खाऊन पक्षी पावणेपाच रुपयांचा वाढत होता. पाचशे पक्ष्यांचे मिळून रोज चौदाशे रुपये मी तुसात पुरत होतो. त्यात एक धष्टपुष्ट पक्षी उताणा पडून मेला. तिसऱ्या दिवशी मेलेलं पिल्लू पिल्लाच्याच किमतीला जातं. हा जाताना पावणेपाच किलो खाद्य घेऊन गेला.

पंचेचाळिसाव्या दिवशी गाडी लागली. भाव अडुसष्ट. एवढे मोठे पक्षी दुकानदाराला नको असतात, म्हणून तोही उपकार म्हणून. मी निरोपाच्या हळवेपणाने त्यांना शेवटचं पोटभर खाऊ घातलं होतं. व्यापाऱ्याने एकाची फुगलेली गळ्याची पिशवी दाबून पाहिली. "पाणी ठेवायचं, खाद्य चार-सहा तास आधी काढायचं, साहेब," असं म्हणत त्याने वजनात घट धरली.

ती घट सोडा. रात्री हिने वही मांडली. पस्तिसाव्या दिवशी पक्षी दोन किलोचा, किंमत एकशे नव्वद. पंचेचाळिसाव्या दिवशी पावणेतीन किलोचा, किंमत एकशे सत्त्याऐंशी. मधल्या काळात अठरा पोती खाद्य.

"म्हणजे अहो," ती म्हणाली, "पक्ष्यामागे बहात्तर रुपये जास्त खर्चून तुम्ही तीन रुपये कमी मिळवलेत." घरात एखादी कोंबडी शिजवून दुःख हलकं करावं, तर श्रावण.

पुढच्या बॅचला मात्र मी नेमकं गणित केलं. शेड धुवायला, चुना मारायला आणि मोकळी ठेवायला तीन आठवडे, मग पिल्लं, मग बरोबर पस्तिसाव्या दिवशी गाडी, भाव काही का असेना. हॅचरीला आगाऊ पैसे देऊन तारीख पक्की केली आणि हिला सांगितली. तिने काही न बोलता भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, दिवस मोजत बोट पुढे नेलं आणि पस्तिसाव्यावर थांबवलं.

घटस्थापना.