तपासणीचे साडेतीन हजार

"भाऊ, सर्टिफिकेट व्हेरिफाय करायचे साडेतीन हजार आधी टाका, मग फाइल क्लायंटकडे जाईल." आखाती देशातल्या कामासाठी पाइप वेल्डर हवेत म्हणून एजंटला फोन लावला की पगार, कामाचे तास, राहायची सोय यांच्या आधी हेच ऐकावं लागतं. रक्कम मोठी नाही, पण ज्या कामाचे पैसे मागतात ते काम एजंट करतच नाही, याचा मला संताप येतो.

माझा आयटीआयचा एनसीव्हीटी दाखला सरकारी पोर्टलवर फुकट पडताळता येतो. दुसरा कागद वेल्डर टेस्टचा. त्यावर डब्ल्यूपीएसचा नंबर, पाइपचा व्यास, 6G पोझिशन आणि टिग रूट, वर आर्क असं लिहिलेलं आहे. तो खरा की खोटा हे सही करणारा आमच्या कंपनीचा क्यूसीच सांगू शकतो आणि त्याला एक ईमेल पुरतो.

शिक्का खरा असूनही कागद निकामी असू शकतो, हे एजंट कधी विचारात घेत नाही. एएसएमई सेक्शन ९ प्रमाणे एखाद्या प्रक्रियेने सहा महिने वेल्डिंग केलं नाही, तर त्या प्रक्रियेची पात्रता संपते. आठ महिने नुसतं आर्कवर काम केलं असेल, तर आर्क चालू आणि टिग बाद. म्हणून मी क्यूसीकडून टिग आणि आर्कच्या शेवटच्या कामाच्या तारखा वेगवेगळ्या लिहून घेतल्या. त्याने एक पैसा मागितला नाही.

एवढं करूनही परदेशी कंत्राटदार ट्रेड टेस्ट घेतोच, आणि ते बरोबर आहे, कारण त्याच्या साइटवरच्या जोडाची जबाबदारी त्याची असते. पंचेचाळीस अंशात बांधलेला पाइप, जागचा हलवायचा नाही, खालचा रूट जवळजवळ आडवं होऊन मारायचा. मग एक्स-रे नाहीतर बेंड टेस्ट. माझा हात तिथे तपासला जातो. मग साडेतीन हजारांत एजंटने नेमकं काय तपासलं?

आता मी आधी त्याचा परवाना नंबर मागतो आणि emigrate.gov.in वर नाव, पत्ता, मुदत बघतो. "परवाना आमच्या मोठ्या साहेबांच्या नावावर आहे" असं उत्तर आलं, तर त्या साहेबांच्या नोंदलेल्या ऑफिसात जाऊनच बोलतो. सेवाशुल्क द्यायला माझी ना नाही. नियमाने ते जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी इतकं घेता येतं. पण ते मी नेमणुकीचा करार हातात आल्यावर, बँकेतून आणि पावती घेऊनच देणार.

परवा एकाला हेच सांगितलं. तो म्हणाला, "एवढ्याशा रकमेला पावती कशाला?" मी म्हटलं, "मग क्यूसीचा ईमेल पाठवतो, क्लायंटलाच विचारू द्या." त्यानंतर त्याने फोन उचलला नाही.