जावईबापू आणि जाड मांडा

आखाजीला लेकी माहेरी येतात, ही खानदेशातली जुनी रीत. त्यांच्या मागोमाग जावईही येतात, ते आमरसासाठी. गेल्या आखाजीला जळगावात माझ्या माहेरी पंगत बसली होती आणि मोठी काकू चुलीवर पालथं खापर ठेवून मांडे करत होती. गव्हाचं वस्त्रगाळ पीठ, ढोर मेहनतीनं तिंबलेली कणीक, आत पुरण. मग तो उंडा दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत झुलवायचा. याला खांद्यात बळ लागतं, आणि पंचाहत्तरीतल्या काकूच्या खांद्यानं कधीच असहकार पुकारला होता. मांडा जेमतेम पसरला. तो ताटात पडताच आमचे हे, म्हणजे धुळ्याचे जावईबापू, भर पंगतीत म्हणाले, "काकू, हा मांडा आहे की भाकरी?"

कुणी हसलं नाही. रागावलंही नाही, कारण जावयाचं बोलणं मनावर घ्यायचं नसतं. काकूनं खापर धाकट्या सुनेच्या हवाली केलं आणि ती मागच्या खोलीत गेली.

धुळ्याला परतताना पाळधीपर्यंत हे गप्प होते. मग सुरुवात झाली. "मी मूर्खच आहे. माझं तोंडच नासकं. मला कुठं न्यायच्या लायकीचा नाही मी." मी आपली समजूत काढत राहिले. तुम्ही मनानं चांगले आहात, काकूला ठाऊक आहे, वगैरे. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं, की बोलणाऱ्याचे डोळे पुसले जात होते आणि जिला बोलणं लागलं ती तिकडे जळगावात एकटी बसली होती.

मानसशास्त्र शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे नवऱ्याकडेही मी अधूनमधून उदाहरण म्हणून पाहते. हेलन ब्लॉक लुईस या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1971 साली लाज आणि अपराधाची बोचणी यांतला फरक नेमका मांडला. लाजेत सगळा जोर 'मी'वर असतो : असं करणारा मी कसला माणूस! बोचणीत जोर कृत्यावर असतो : मी हे काय करून बसलो! लोकांसमोर वाटते ती लाज आणि एकट्यानं वाटते ती बोचणी, अशी एक जुनी समजूत आहे. ती पुढच्या अभ्यासांत टिकली नाही. गाडीत आम्ही दोघंच होतो, तरी लाजेला जागा पुरत नव्हती.

एरंडोल आलं तशी लाजेनं कूस बदलली. "पण मांडा जाड होताच ना? आणि तू शेजारी बसली होतीस, मला कोपर मारता येत नव्हतं?" मानसशास्त्रज्ञ जून टँगनी यांच्या संशोधनात हे वळण वारंवार दिसतं. आपण सगळेच्या सगळे वाईट ठरलो, तर ते ओझं फार वेळ पेलवत नाही. मग माणूस तोंड लपवतो, नाहीतर दोष दुसऱ्यावर ढकलतो. त्या दिवशी दुसरं माणूस म्हणून मीच हाताशी होते.

पारोळ्याला चहा घेताना हे एकदम म्हणाले, "काकूंचा खांदा दुखत होता का गं?" पाळधीपासूनचं हे पहिलं वाक्य, ज्यात 'मी' नव्हता. बोचणी ओळखायची खूण हीच. लाजेला त्या घरी पुन्हा पाऊल ठेवायचं नसतं, बोचणीला तिथंच जायचं असतं.

यांनी फोन हातात घेतला आणि रंगीत तालीम केली. "काकू, माझं काही चुकलं असेल तर..." मी म्हटलं, 'असेल तर' काढा, चुकलंय. "तुम्हाला वाईट वाटलं असेल तर..." तेही काढा, वाईट वाटणं ही काकूची चूक नव्हे. "मी जरा थकलो होतो, म्हणून..." हे तर काढाच. शेवटी जे उरलं ते एका दमात बोलून झालं : "काकू, तुमच्या मांड्याला मी सगळ्यांसमोर भाकरी म्हणालो. ते फार वाईट बोललो."

पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग काकू म्हणाली, "बापू, मांडा जाडच झाला होता. ते मलाही दिसत होतं. पंगतीत बोलायला नको होतं, एवढंच."

काकूनं लुईसबाईंचा ग्रंथ न वाचता नेमकं कृत्य वेगळं काढून दाखवलं. माणूस वाईट नाही, मांडाही निर्दोष नाही. चुकली ती जागा. अशा बोचणीला काहीतरी काम देता येतं. जिथं आपल्या हातून काही घडलेलंच नसतं किंवा भरून काढण्यासारखं काही उरलेलं नसतं, तिथं मात्र बोचणीही माणसाला पोखरते. यांच्या नशिबानं काम होतं. "पुढच्या आखाजीला कणीक तुम्ही तिंबा," काकूनं फर्मावलं.

यंदा तिंबली. जावई परातीशी बसलाय हे पाहायला शेजारच्या बायका निमित्त काढून येऊन गेल्या. संध्याकाळी मी विचारलं, "एवढ्या बायकांपुढे लाज नाही वाटली?"

दंडाला बाम चोळत हे म्हणाले, "वेळच मिळाला नाही."